जांभळा साबण

फोकसराव हे नाव त्यांना सासुरवाडीने ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच कौटुंबिक फोटोसाठी त्यांनी बावीस माणसांना पाऊण तास उभं केलं, आणि एवढं करून फोटोत सासऱ्यांचे डोळे मिटलेले निघाले. नाव चेष्टेचं होतं, पण फोकसरावांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. माणूस विमा कंपनीत दावे तपासायचा. गाडीवरचा ओरखडा जुना की नवा, हे फोटो पाहून सांगण्यात त्यांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. खोट काढणं हाच त्यांचा पगारी धंदा होता, आणि घरी आल्यावर तो बंद करायची कळ त्यांना सापडलेली नव्हती.

शनिवार-रविवार मात्र कॅमेऱ्याचे. कॅमेरा एकच, लेन्सही एकच. साखरपुडे, वाढदिवस, कोणाच्या दुकानाचं उद्घाटन अशी कामं ते करत. त्याशिवाय घरी साबण बनवून ऑनलाइन विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या प्रत्येक नव्या वडीचा फोटो चार वर्षं फोकसरावांनीच काढला होता. पांढरा पुठ्ठा, दोन दिवे, मधोमध साबण. सावली नाही, डाग नाही. पासपोर्टसाठी बसवल्यासारखा साबण ताठ दिसे. या कामाचा त्यांना मोठा अभिमान होता, कारण हौशी माणसाला कोणीतरी पुन्हा पुन्हा बोलावतं यापरता दुसरा दाखला नसतो.

आणि मग त्यांची मेहुणी, सगळ्यांची धाकटी, फोन घेऊन या प्रांतात शिरली.

फोन म्हणजे साधा फोन, मागची काच तडकलेला. सुरुवातीला फोकसरावांनी तिला कौतुकाने शिकवलं. फोटोंच्या संकेतस्थळांवर चित्रं कशी चढवायची, ती कोणी जाहिरातीला किंवा लेखाला विकत घेतली की आपल्याला वाटा कसा मिळतो, माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती का लागते, बाटलीवरचं कंपनीचं चिन्ह का चालत नाही, सगळं त्यांनीच सांगितलं. स्वतः त्यांनी तिथे दोनशे सूर्यास्त चढवले होते. त्यातले बरेच 'असे फोटो आमच्याकडे भरपूर आहेत' म्हणून परत आले, उरलेले वर्षाला दोन-तीनदा विकले जात.

धाकटीने काय काढावं? दवाखान्यातली रिकामी खुर्ची. चार्जरची वायर सोडवणारे हात. चष्मा शोधणारी आई, तेही आईची सही आधी घेऊन. आणि ते विकले जायचे! आठवड्याला विकले जायचे! "अहो भाऊजी, लेखवाल्यांना सूर्यास्त कशाला लागतो? त्यांना वैतागलेली माणसं लागतात," ती हसत म्हणायची. फोकसराव पण हसायचे. मग एकटे असताना तिचे फोटो मोठे करकरून कडा तपासायचे, कुठे फोटो दाणेदार झालाय, कुठे फोकस घसरलाय. सापडलं की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागे. सरळच सांगायचं तर ते जळत होते. जळताना माणूस धूर दिसू नये म्हणून जी धडपड करतो ती पाहण्यासारखी असते, आणि फोकसराव तर त्यासाठी तिच्या प्रत्येक फोटोला सगळ्यांत आधी 'वा!' लिहायचे.

पण खरी ठिणगी पडली ती साबणवाल्या बाईंच्या फोनने. "यावेळचे पाच साबण तुमच्या मेहुणीला दिलेत हं, बघू म्हटलं एकदा," बाई संकोचून म्हणाल्या. "तुमचे फोटो स्वच्छच असतात हो. पण तिचा एक फोटो पाहिला, ओल्या हातातला साबण, आणि मला उठून हात धुवावेसे वाटले."

"उत्तम केलंत. पोरगी हुशार आहे," फोकसराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही दिव्यांचे स्टँड दुमडून कपाटावर टाकले. आवाज इतका झाला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. त्यांनी तिला सांगितलं, स्टँड निसटला.

त्या रविवारी सकाळी धाकटी फोटो घेऊन घरी आली. "भाऊजी, बाईंना पाठवायच्या आधी तुम्ही एकदा बघा. माझ्या फोनवर सगळंच छान दिसतं. तुमचा डोळा फिरल्याशिवाय मला धीर नाही."

ते कॉम्प्युटरसमोर बसले. पहिला फोटो लागला. खिडकीच्या कट्ट्यावर साबण, त्यावर नुकताच हात फिरल्यासारखा फेस, कडेला अर्धवट पिळलेला टॉवेल. कोणीतरी आत्ताच तिथून गेलंय असं वाटत होतं. चार वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि ते कळणं त्यांना मुळीच आवडलं नाही. दुसरा तसाच. तिसराही.

चौथ्यावर त्यांचा हात थांबला. हा लॅव्हेंडरचा साबण, जांभळा. वडी धाकटीने सोबत आणली होती, टेबलावरच पडली होती. टेबलावर जांभळी आणि पडद्यावर चक्क निळी. त्यांनी कारण सुद्धा लगेच ओळखलं. खिडकीचा उजेड आणि खोलीतली ट्यूब एकत्र पेटलेली, फोनने पांढरा रंग आपल्या मनाने ठरवलेला, आणि जांभळ्या रंगाला फोन तसाही निळ्याकडे ओढतो. उपाय पाच मिनिटांचा होता. ट्यूब बंद करायची, फोनमध्ये उजेडाचा रंग हाताने पक्का करून ठेवायचा, पुन्हा काढायचा. तेही नको असेल तर वडी शेजारी ठेवून कॉम्प्युटरवर रंग सरकवायचा. आणि बाईंच्या दुकानात मिठाचा एक साबण खराच निळा होता, त्याच मापाचा. हेही त्यांना आठवलं.

त्यांनी पाचवा फोटो पाहिला, तोही सरसच होता. मग त्यांनी तोंड उघडलं. धाकटी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती, शाळेत निकाल लागायच्या आधी उभं राहावं तशी.

"छान आहेत," फोकसराव म्हणाले.

"पाचही?"

"पाचही."

ती इतकी खूश झाली की तिने बहिणीला आतून ओढत आणलं. फोकसरावांनी वडी उचलून पिशवीत टाकली. मनाला त्यांनी समजावलं, की तपासायचं काम काही माझं नव्हे, फोटो ज्याचा त्याने बघावा. दावे तपासताना लोकांची अशी समजूत त्यांनी शंभरदा फेटाळली होती.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. फोटो बघून निळा साबण म्हणून लोकांनी मागवला होता, खोक्यातून जांभळा निघाला. कोणी परत पाठवला, कोणी दुकानाच्या पानावर 'फसवणूक' असं लिहून ठेवलं. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "मला निळाच वाटला होता हो! पण ती म्हणाली, भाऊजींनी पाहिलेत. म्हटलं माझ्याच मोबाइलचं काहीतरी असेल. तुम्ही पाहिलंत म्हणजे झालं, असं समजून डोळे मिटून लावले. तुम्हाला दिसलं नाही का?"

इथे फोकसरावांना दोनच वाटा होत्या. दिसलं होतं म्हणावं तर माणूस म्हणून गेले, दिसलं नाही म्हणावं तर फोटोग्राफर म्हणून. त्यांनी क्षणभर दोन्हींचं वजन केलं.

"नाही दिसलं," ते म्हणाले.

त्यांना वाटलं, आता धाकटी येऊन भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, चढ्या आवाजात काहीही लपतं. ती आली ती काळजीत. "ताई, भाऊजींना रंग दिसत नसावेत. जांभळा समोर ठेवलेला होता गं." बायकोही लगेच म्हणाली, "परवा मोजे दोन रंगांचे घालून गेले होते. मी म्हटलं घाई असेल." फोकसरावांनी मोज्यांबद्दल खुलासा करायचा प्रयत्न केला, पण बहिणी बहिणी बोलू लागल्या की त्यांना कोण विचारतं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीने त्यांना चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं.

चष्मेवाला तरुण आणि बोलका होता. आधी त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. इथे फोकसरावांना मोह आवरला नाही, शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली, खाली छापखान्याचं बारीक नावही वाचलं. "डोळे फर्स्ट क्लास आहेत काका!" चष्मेवाला म्हणाला. धाकटीचा चेहरा आणखी पडला. मग त्याने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. "आता ठिपक्यांत कोणता आकडा दिसतो, तेवढं सांगा."

पहिलं पान उघडलं. ठिपक्यांमध्ये बारा हा आकडा ढळढळीत दिसत होता. फोकसरावांनी डोळे बारीक केले, पान जवळ घेतलं, लांब धरलं.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "नुसते ठिपके."

धाकटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "भाऊजी, म्हणजे रंग न दिसता इतकी वर्षं तुम्ही... आणि आम्ही तुमची चेष्टा करत होतो." आयुष्यभर ज्या कौतुकासाठी माणूस तडफडला, ते त्याला असं मिळालं.

चष्मेवाल्याने पुस्तक त्यांच्याकडून परत घेतलं आणि विचित्र नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, हे पान सगळ्यांना दिसतं. ज्यांना रंग कळत नाहीत त्यांनाही. ते मुद्दाम पहिलं ठेवलेलं असतं."

"कशासाठी?" धाकटीने विचारलं.

"खोटं सांगणारा कळावा म्हणून," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच अवघडल्यासारखं झालं. काचा पुसायचं कापड शोधायच्या निमित्ताने तो आतल्या खोलीत गेला.

खांद्यावरचा हात अजून तिथेच होता.

"बारा," फोकसराव म्हणाले. "बारा लिहिलंय तिथे."

"मग त्या रविवारी?"

"तेव्हाही दिसलं होतं. निळा आलाय, हे बघताक्षणी दिसलं होतं."

तिने हात काढून घेतला. "मग बोलला का नाहीत?"

रस्ताभर जुळवून ठेवलेली कारणं त्यांच्याकडे पुष्कळ होती. पण शेजारच्या आरशात त्यांना दोघंही दिसत होती, आणि त्यातलं एकही कारण तिच्या तोंडाकडे बघून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"बाकीचे चार फार चांगले होते म्हणून," ते म्हणाले.

तिने तडकलेला फोन पर्समधून काढला, बाईंचा नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"त्यांना सांगा. माझ्यासमोर सांगा," ती म्हणाली. भाऊजी म्हणाली नाही.