बळीरामाचे चार थांबे

दुबलगुंडीत पाणी सोडणारा बळीराम म्हणजे भारी घाईचा माणूस. गावात त्याला नीरगंटी म्हणतात. पंचायतीच्या टाकीपासून खालच्या गल्लीपर्यंत व्हॉल्व फिरवत जायचं, हे त्याचं काम. तीस वर्षं खांद्यावर लांब लोखंडी चावी अन् ओठात विडी. बसम्मा अक्कानं कट्ट्यावरून चहाला हाक मारली, की "येतो अक्का" म्हणायचा अन् पुढं पळायचा. कधी आला न्हाई.

अन् यंदा संक्रांत झाली तसा हाच बळीराम अक्काच्या कट्ट्यावर रोज टेकायला लागला. गुडघा कसा हाय, नातू काय म्हणतो, सगळी चौकशी. दोन मिनिटांत उठून पुढं गिरणीपाशी उभा, तिथं पिठाचा भाव विचारायचा. मग पारावर. गावाला काय हो, एवढं पुरे. "बळीराम नोकरी सोडून पंचायतीला उभा राहायलाय!"

खरी गोष्ट बळीरामाच्या पोटात होती. दोनशे पावलं चाललं, की उजवी पोटरी पिळून निघायची. थांबलं की दोन मिनिटांत सगळं गायब, जणू काही झालंच न्हाई. परत दोनशे पावलं, परत तेच. म्हणून ह्या गप्पा. बायकोला, विमलबाईलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. थोरल्या भावाचा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापला होता. दवाखान्यात गेलं की पाय जातो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पाय गेला की चावी गेली, अन् चावी गेली की बळीराम उरतो कुठं? भीती वाटायची त्याला, खूप.

इकडं वॉर्डाचे मेंबर शिवशंकरप्पा यांची झोप उडाली. दोनदा निवडून आलेला माणूस! एका सकाळी पाइपाची गळती बघायच्या निमित्तानं ते बळीरामाच्या मागं मागं निघाले. अक्काचा कट्टा झाला, गिरणी झाली, पार झाला. चौथ्या खेपेला बळीराम थांबला तो गावाबाहेर, बोरीच्या काटेरी कुपाटीपाशी. आजूबाजूला चिटपाखरू न्हाई.

"आरं, इथं कोणाचं मत मागायलास? बोरीचं?"

बळीराम हसला, अन् हसता हसता त्याचे डोळे भरले. "अप्पा, पाय चालंना झालाय."

"एवढंच व्हय?" अप्पांच्या जिवात जीव आला. मग आपलीच लाज वाटली त्यांना. "बस गाडीवर. न्हाई म्हणायचं न्हाई."

हुमनाबादच्या दवाखान्यात डॉक्टर चैत्रा होत्या. त्यांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. सापडली ती अगदी मंद. मग हाताचं बी.पी. घेतलं अन् घोट्याचंही. "घोट्याचं हाताच्या बरोबरीनं तरी पाहिजे. तुमचं पुष्कळ कमी आहे. पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात."

बळीराम एकदम ताठ बसला. "म्हणजे क्षार धरलेला पाइप! एक नळ चालू असला तर पाणी पुरतं. सगळी आळी नळ उघडून बसली की बोंब."

"अगदी तसंच. बसलात तर रक्त पुरतं, चाललात की पोटरी जास्त मागते. पण मामा, हा क्षार धरवला कुणी?" बाईंनी त्याच्या खिशातलं विडीचं बंडल काढून टेबलावर ठेवलं. तपासणीत रक्तातली साखरही वाढलेली निघाली. "विडी, साखर, बी.पी., रक्तातली चरबी अन् पन्नाशीपुढचं वय. हे ज्यांच्याकडं असतं, तीच माणसं सापडतात यात. हृदयाचे अन् मेंदूचे पाइपही असेच अरुंद होतात, विसरू नका." मग त्यांची नजर अप्पांच्या खिशातल्या सिगारेटींवर गेली. "तुम्ही पण बसा, अप्पा." अप्पांचे पाय ठीक निघाले; सिगारेटचं पाकीट मात्र बाईंच्या टेबलावर गेलं.

"कापायचा का?" बळीरामानं शेवटी विचारलंच.

"छे! विडी सोडा, गोळ्या घ्या, अन् चाला. चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की परत चाला. रोज अर्धा तास, महिनोन् महिने. अनवाणी न्हाई फिरायचं, पाय रोज बघायचे. बसल्या जागी दुखलं, बोट काळं पडलं, जखम भरंना झाली, तर त्याच दिवशी या."

घरी विमलबाईनं आधी विड्या चुलीत घातल्या, मग नवऱ्याला शिव्या घातल्या, अन् मग रडली. पंधरा दिवस विडीवाचून बळीराम सगळ्यांवर खेकसला. पण थांबे आता राजरोस झाले. अक्का बिनसाखरेचा चहा काढून वाट बघायची. दोनशेची तीनशे पावलं झाली, मग पाचशे.

तुरी पेरून झाल्या. एका सकाळी बळीराम चावी घेऊन निघाला तो थेट गिरणीपाशी पोचला. मागनं हाक आली, "बळीरामा! राग आला व्हय रे?"

त्यानं वळून बघितलं. कट्टा कधी मागं पडला, कळलंच नव्हतं. "अक्का! दुखलंच न्हाई!" तो ओरडला. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायासुद्धा हसायला लागल्या.

अक्का कप धरून तशीच उभी. "दुखलं तरच यायचं व्हय रे माझ्याकडं?"

बळीराम माघारी वळला. चावी भिंतीला टेकवली अन् कट्ट्यावर ऐसपैस बसला. त्या दिवशी खालच्या गल्लीत पाणी दहा मिनिटं उशिरा सुटलं.