चौघींची एक ओळ

मी शिरूरच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा माझ्या आधी हे आकड्यांचं काम करणारा मुलगा हैदराबादला निघून गेला होता. जाताना तो मला लॅपटॉप आणि एक तयार क्वेरी, म्हणजे तक्त्यांतून अहवाल काढणाऱ्या आज्ञा, देऊन गेला. दर तिमाहीला ती चालवायची, अहवाल निघतो, बाकी काही बघावं लागत नाही, असं त्यानं सांगितलं होतं. पहिले काही महिने मी खरंच काही बघितलं नाही, कारण अहवाल निघत होता.

आमची संस्था लहान कारखान्यांतल्या कामगारांसाठी दोन प्रथमोपचार केंद्रं चालवायची. एक शिरूर तालुक्यात सणसवाडीला, दुसरं दौंडजवळ. केंद्र म्हणजे एक खोली, एक पलंग, औषधांचं कपाट आणि एक सिस्टर. सणसवाडीला कारखाने दाट म्हणून तिथं दोन सिस्टर होत्या, सकाळची आणि दुपारनंतरची. आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद टॅबलेटवर व्हायची आणि दोन्ही केंद्रांचे दोन वेगळे तक्ते तयार व्हायचे. खर्च द्यायच्या त्या भागातल्या काही कंपन्या, आणि किती सिस्टर ठेवायच्या हे त्या माझ्या अहवालातल्या एकूण आकड्यावरून ठरवायच्या.

एका तिमाहीला आकडा इतका कमी आला की सणसवाडीची दुपारची पाळी बंद करायचं ठरलं. पत्र आणि सोबत अहवालाची प्रत गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सिस्टरचा मला फोन आला. त्या न्हावऱ्याकडच्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. भांडायला फोन केला नव्हता. आवाज अगदी साधा होता.

"मॅडम, म्या कागद बघितला. त्या दिवशी गरम पाण्याचा पाइप सुटला, चौघीजणी आल्या व्हत्या हात भाजून. चौघींना म्याच पट्ट्या बांधल्या. कागदावर एकच हाय."

मी म्हटलं, नोंद करायची राहिली असेल. त्या म्हणाल्या, राहिली न्हाई, तुम्हीच बघा.

मी सणसवाडीचा तक्ता उघडला. चौघी होत्या. चौघींची नावं वेगळी, केस नंबर वेगळे. मग मी त्या एकट्या तक्त्यातल्या ओळी मोजायला लावल्या. एकट्या सणसवाडीच्या ओळी अहवालातल्या दोन्ही केंद्रांच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त होत्या. दौंडच्या ओळी त्यात अजून मिळवायच्याच होत्या.

क्वेरी मी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. कंपन्यांना कामगारांची नावं द्यायची नाहीत, म्हणून अहवालात चारच रकाने घेतले होते: तारीख, पाळी, कामाचा प्रकार, इजेचा प्रकार. केस नंबरही गाळला होता. आणि दोन तक्ते जोडायला मध्ये शब्द होता 'युनियन'. युनियन दोन तक्ते एकाखाली एक लावतं खरं, पण लावताना हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या ओळींतली एकच ठेवतं. बाकीच्या टाकून देतं, आणि टाकल्या असं कुठं सांगत नाही. सगळ्या ओळी हव्या असतील तर 'युनियन ऑल' लिहावं लागतं. नाव आणि नंबर काढल्यावर त्या चौघी म्हणजे एकच तारीख, एकच पाळी, पॅकिंग, भाजणं. चौघींची एक ओळ झाली होती. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेलेले तिघे एकाच पाळीत आले की तेही एक. त्याच दिवशी, त्याच पाळीत दौंडलाही कुणाच्या डोळ्यात तसाच कण गेला असेल, तर तोही त्यांच्यातच जिरलेला. जिथं माणसं जास्त, काम तेच आणि दुखापतीही त्याच, तिथलंच सगळ्यात जास्त गळत होतं. म्हणजे सणसवाडीचं.

मी हैदराबादला फोन लावला. तो वाईट मुलगा नव्हता. म्हणाला, एकदा टॅबलेटवरून तोच डेटा दोनदा वर गेला होता, सगळ्या ओळी दुप्पट झाल्या, म्हणून युनियन टाकलं. दुप्पट गेलं, आकडा बरोबर दिसला, पुढं कुणी विचारलं नाही. मी आधी प्रत्येक तक्त्यात केस नंबर दोनदा आलेत का ते तपासलं, या तिमाहीत एकही नव्हता. मग युनियन ऑल टाकून क्वेरी चालवली. बेरीज दोन्ही तक्त्यांच्या ओळींशी तंतोतंत जुळली.

प्रिंट घेऊन मी आप्पांकडे गेले. आप्पा आमचे सचिव, वयानं मोठे. त्यांचा स्वतःचा कारखाना होता एके काळी, तो मुलाच्या हवाली करून ते या कामात पडले होते. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, आणि सगळं ऐकून घेतलं. चौघींची गोष्ट त्यांना लगेच कळली.

"तुमचं खरं हाय, मला पटतंय," ते म्हणाले. "पण मी त्यांना काय सांगू? पाळी बंद म्हटल्याबरोबर आमचे पेशंट वाढले? म्हणतील, सिस्टरची नोकरी वाचवायला आकडा फुगवला."

मी म्हटलं, मी येते, त्यांना मूळ तक्ते दाखवते. त्यावर ते म्हणाले की मूळ तक्त्यात नावं आहेत, आणि नावं दाखवायची नाहीत असं आपणच लिहून दिलंय. केस नंबर दाखवता आले असते, तेही मी सुचवलं. त्यांनी एका कंपनीच्या माणसाला माझ्यासमोर फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बजेट पास झालंय, पुढच्या तिमाहीचा अहवाल येऊ द्या, मग बघू. आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. चहा आला होता, तो दोघांनीही घेतला नाही.

सिस्टरना मीच कळवलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी चूक मशिनीची निघाली ना? माझी न्हवती ना?" मी म्हटलं, तुमची अजिबात नव्हती. त्या म्हणाल्या, मग ठीक. महिन्याअखेरीस त्यांनी यवतच्या एका दवाखान्यात काम धरलं.

त्यानंतर एका दुपारी टॅबलेट दुरुस्त करायला मी सणसवाडीला गेले. केंद्राला कुलूप होतं, चावी माझ्याकडे होती. मी आत जाऊन टॅबलेट उघडते न उघडते तोच दारात एक बाई आली, ओढणीनं डोळा दाबून धरलेली, बिहारकडची असावी. "दीदी, कुछ गिर गया है," एवढंच म्हणाली. मला डोळा धुवायचा कसा तेही धड माहीत नव्हतं. पलंगावर बसवून मी तिला बाटलीतलं पाणी दिलं, मग रिक्षा थांबवून तिला मोठ्या हॉस्पिटलला घेऊन गेले. रस्ताभर तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी कण काढला, डोळा वाचला. तिच्या आधी किती जण त्या कुलपापर्यंत येऊन परत गेले, कोण सांगणार?

तिमाही संपली. मी केस नंबर तपासले, दोन्ही तक्ते युनियन ऑलनं जोडले, एकही ओळ गळू दिली नाही. आकडा खाली आला होता. मागच्या चुकीच्या आकड्याच्या आसपासच. दुपारनंतर नोंद करायलाच कुणी नव्हतं, आणि जी ओळ कधी लिहिलीच गेली नाही ती कुठल्याही शब्दानं परत येत नाही.

आप्पांना मी हे समजावलं, कुलपाशी आलेल्या त्या बाईचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"त्या बाईची तरी नोंद हाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हती. मी सिस्टर नाही, मला तिथं नोंद करायचा अधिकार नाही.

अहवाल मी तसाच पाठवला. सोबत एक पान जोडलं होतं, दुपारी केंद्र बंद असल्यामुळे आकडा कमी दिसतो असं. कंपन्यांकडून उत्तर आलं, अहवाल मिळाला, आभार. पानाबद्दल काही नव्हतं. दुपारची पाळी पुन्हा सुरू झाली नाही. सणसवाडीवरून जाताना केंद्र दिसतं, बसच्या त्या बाजूला मी अजून बसत नाही.