केसापासून भिंतीपर्यंत

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे दर जूनमध्ये विभागप्रमुखांनी शिफारस केली तर मी कॉलेजात, नाही केली तर शिवाजी पेठेत घरी बसून. त्या दिवशी मी जे केलं ते यापायी केलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोग लेसरनं केसाची जाडी काढायचा. चौकटीत एक केस ताणून चिकटवलेला असतो. त्यावर लाल लेसर सोडला की लांबच्या भिंतीवरच्या आलेख कागदावर मधे मोठा ठिपका आणि दोन्ही बाजूंना लाल पट्टे पडतात, पट्ट्यांच्या मधे काळ्या जागा. काळ्या जागांमधलं अंतर मोजायचं. केस जितका बारीक, तितक्या त्या जागा लांब लांब पडतात. शिवाय केसापासून भिंतीपर्यंतचं अंतर लागतं, आणि सगळी गोम तिथंच होती.

आमच्या टेबलावर पांढऱ्या रंगानं लिहिलंय, ३०० सेंमी. प्रमुखांनीच कधीकाळी मोजलेलं. पण ते मोजलंय लेसरच्या तोंडापासून. केसाचा स्टँड त्याच्या अडतीस सेंटिमीटर पुढं असतो. सगळी पोरं डोळे झाकून ३०० घालतात, उत्तर ७६ मायक्रॉन येतं, आणि प्रमुखांच्या ड्रॉवरमधल्या उत्तरांच्या यादीतही ७६च आहे. मग कोण कशाला टेप काढतंय?

एका पोरीनं काढला. उचगावची, वडील फाउंड्रीत. वडिलांनी तिला सरळ सांगितलेलं, ‘फर्स्ट क्लास काढ, एम.एस्सी.ला घालतो. न्हाय तर इचलकरंजीला मामाच्या लूमवर कापड तपासायला जायचं.’ हे तिनंच मला सांगितलेलं, हसत. तिला क्लासची खात्री होती, आणि मलाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, “मॅडम, ३०० कुठं हाय? मला २६२ येतंय की.” मी तिच्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरलं. २६२च. मी म्हटलं, तुला जे मिळतंय ते लिही. मोठी शहाणी मी!

परीक्षेत तिनं तेच लिहिलं. मधल्या ठिपक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची दुसरी काळी जागा, दोन्हींमधलं अंतर दहा सेंटिमीटर. काळी जागा काही रेघेसारखी नसते, कडा पुसट असतात, म्हणून तिनं दोन मिलिमीटरची त्रुटी धरली. म्हणजे दोन टक्के. टेपची त्रुटी त्यापुढं किरकोळ. उत्तर ६६.३, अधिक-उणे १.३. बाकीच्यांनी ७६, अधिक-उणे काहीतरी, एकमेकांचं बघून.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी यादी बघितली, मग तिची वही. “बाळ, हे दहानं चुकलंय. आणि तू स्वतःच लिहितेस की तुझी चूक दीडच्या आत आहे. मग?”

“सर, मी केसापासून मोजलंय. लेसरपासून मोजलं की ७६ येतंय.” आवाज अजिबात हलला नाही तिचा.

परीक्षकांनी प्रमुखांकडं बघितलं. प्रमुख म्हणाले, “टेप नीट धरला नसेल. आमचं अंतर पक्कं आहे.” परीक्षक भला माणूस होता, टेप मागवता आला असता त्याला. पण रांगेत अजून अकरा पोरं उभी होती. त्यानं मला विचारलं, “मॅडम, तुम्ही कधी मोजून बघितलंय?”

पोरगी माझ्याकडं बघत होती. प्रमुखही.

“नाही सर,” मी म्हटलं.

पंचवीसपैकी सात गुण पडले तिला. तिनं भोंगळपणे अधिक-उणे दहा लिहिलं असतं तर निभावलं असतं. नेमकं लिहायला मीच शिकवलेलं, वर्षभर पोरांच्या डोक्यावर बसून. निकालात फर्स्ट क्लास चार गुणांनी हुकला. जूनमध्ये माझी शिफारस झाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण सकाळी तासाला वेळेवर हजर होते. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

जुलैत ती दाखला न्यायला आली. ऑफिसातून काम उरकून मुद्दाम वर प्रयोगशाळेत आली आणि दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं. परीक्षकांना मी ‘नाही’ म्हटलं, ते घाबरून म्हटलं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. परीक्षेआधी आपण दोघींनी मिळूनच चुकीचं मोजलं असणार आणि मॅडमना ते नंतर कळलं असणार, म्हणून त्या नाही म्हणाल्या, असं धरून ती आली होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “सोमवारपास्नं लूमवर जातोय मी. जायच्या आधी एवढंच सांगा, आपलं चुकलं कुठं?”

प्रमुख आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं.

“टेपचं टोक सरकलं असेल गं,” मी म्हटलं.

“व्हय,” ती म्हणाली, “तसंच झालं असंल.” आणि वाकून माझ्या पाया पडली.