सगळे हॉटस्पॉट जोडले, पान एकही उघडेना

कुरुळीजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे मी एकटा. एका सकाळी रस्ता खोदणाऱ्यांनी आमची इंटरनेटची केबल तोडली आणि डिस्पॅचचा सुपरवायझर लॅपटॉप छातीशी धरून माझ्याकडे आला. लातूरकडचा गडी, स्वभावानं घाबरट. भरलेला ट्रक उभा होता. गिऱ्हाईक कंपनीच्या पोर्टलवर डिजिटल सही झाल्याशिवाय गेटपास निघत नाही, आणि ती सहीची पेनड्राइव्हसारखी चावी त्या लॅपटॉपलाच चालते. दुपारच्या आत माल पोचला नाही तर त्यांची उत्पादनाची लाइन थांबणार. मागे एकदा थांबली होती. ‘परत झालं तर घरी बसायचं,’ असं साहेबांनी त्याला बजावलेलं.

त्याच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला. कनेक्टेड. पान मात्र कोरं. फोनवर सगळं चालू. लगेच सगळं शेड मदतीला धावलं. वेल्डर, क्वालिटीवाली ताई, कँटीनवाला, सगळ्यांनी हॉटस्पॉट उघडले. सगळे जोडले जात होते, उघडत काहीच नव्हतं. उघडणार कसं? एचआरनं सगळ्यांना एकच स्वस्तातलं सिम वाटलंय.

आधी डीएनएस बघितलं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा ते. लॅपटॉपला कारखान्याच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला. लिहिणारा मीच, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. तो ऑटोमॅटिक केला. आता नावावरून पत्ता सापडायला लागला, कारण ते विचारायचं काम लॅपटॉपसाठी फोनच करतो. पान तरी येईना.

सिमवाल्यांना फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “सर, या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट नाही.” हॉटस्पॉटचा पॅक फक्त एचआर घेऊ शकतात, आणि एचआर साखरपुड्याला गेलेले. डोकंच फिरलं माझं.

हॉटस्पॉट चालू आहे हे सिमवाल्यांना कळतं कसं, हे मला ठाऊक होतं. फोनचं स्वतःचं डेटाचं पॅकेट चौसष्ट टप्प्यांचं आयुष्य घेऊन निघतं. विंडोजचं एकशे अठ्ठावीसचं, फोनमधून जाताना एक कमी होऊन एकशे सत्तावीस. तो आकडा दिसला की अडवायचं. मी लॅपटॉपच्या पॅकेटचं आयुष्य पासष्ट केलं, म्हणजे बाहेर पडताना चौसष्ट. लबाडीच होती, पण पोर्टल उघडलं. सही झाली, ट्रक गेला.

सुपरवायझरनं लॅपटॉप मिटला. घाबरून त्यानं आधीच गावी भावाला कळवून टाकलं होतं, काम गेलं म्हणून. तेवढ्यात भावाचाच फोन आला. गडबडीत त्यानं तो स्पीकरवरच उचलला.

“तू ये बिनघोर. खोली झाडून घेतली. आईनं तुझ्यासाठी अंथरूण बी घातलंय, सारखी फाट्याकडं बघायलीय.”

“काम गेलं नाही रे माझं,” हा म्हणाला.

मग भाऊ हळूच म्हणाला, “मग आईला तूच सांग.”

त्यानं स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन कंप्रेसरच्या मागं गेला.