कडेची काळी पट्टी

आमच्या आबांना कारखान्यातून काढलं, तेव्हा मी हजीऱ्याला दुसऱ्या कामावर होते. आबा इच्छापोरच्या एका शेडमध्ये वॉटरजेट माग, पाण्याच्या फवाऱ्यानं धागा ओढणारे, चालवायचे. एक ते आठ नंबरचे माग त्यांचे, नऊ ते सोळा दुसऱ्या एकाचे. साठी जवळ आलेली, गुडघे गेलेले. या वयाच्या माणसाला सुरतेत दुसरा सेठ उभा करत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. एवढं एकच काम त्यांच्या हातात होतं.

आणि त्यांना घालवलं कुणी? मीच बसवलेल्या टीव्हीनं.

मी पर्वत पाटियाला एका छोट्या कंपनीत नोकरी करते. तळहाताएवढा कॉम्प्युटर, एकाच बोर्डाचा, आम्ही शेडमध्ये लावतो. प्रत्येक मागाची तार त्याला येते. माग बंद पडला की तो वेळ मोजतो आणि सेठच्या केबिनमधल्या पडद्यावर दाखवतो. सगळ्यात जास्त बंद असलेला माग सगळ्यात वर. डावीकडे मागाचा नंबर, मग किती मिनिटं बंद. नंबर मी शाळेतल्या बेरजेसारखे मांडले होते, एककाखाली एकक.

सेठला आम्ही चांगला मॉनिटर सुचवला होता. तो म्हणाला, घरचा जुना छोटा टीव्ही पडून आहे, तोच लावा. लावला. बोर्डानं आपल्या मनानं मोठं रिझोल्यूशन धरलं आणि अक्षरं मुंग्यांएवढी झाली. म्हणून मी ते उतरवून बाराशेऐंशी बाय सातशेवीस केलं. अक्षरं झकास दिसायला लागली, पण टीव्ही कडा खायला लागला. जुन्या टीव्हींना ही खोडच असते. आलेलं चित्र जरा ताणून मोठं करतात आणि चारही बाजूंनी थोडं बाहेर टाकून देतात. रिमोटमध्ये ते बंद करायची सोय असली तर ठीक. या टीव्हीत नव्हती. मग बोर्डाच्या सेटिंगमध्ये चारही कडांना जागा सोडली. तेवढी जागा काळी राहते, टीव्ही थोडी खातो, उरलेली पट्टी दिसते, पण आकडे शाबूत राहतात. मी केबिनमध्ये उभी राहून एकेक कड बघत पट्टी कमी केली. एका बाजूला बोटभर उरली होती. राहू दिली.

ती बोटभर पट्टी सेठच्या मुलाला खुपली. अहमदाबादला शिकून आलेला. म्हणे, टीव्ही छोटा वाटतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. माझ्या साहेबांनी पर्वत पाटियाच्या ऑफिसात बसल्या बसल्या बोर्डाला जोडून घेतलं, सोडलेली जागा काढून टाकली, बोर्डाकडूनच पडद्याचा फोटो घेतला आणि सेठला पाठवला. फुल स्क्रीन! अहो, तो फोटो बोर्डाचा. त्यात सगळं पुरंच दिसणार. कापतो तो टीव्ही, आणि टीव्ही पाहायला कुणी गेलं होतं? उठून इच्छापोरला जायचा कंटाळा, दुसरं काय!

आता त्या पडद्यावर काय झालं बघा. नंबरातला दशकाचा आकडा टीव्हीनं गिळला. बारा नंबरचा माग दोन दिसायला लागला, चौदाचा चार. त्या आठवड्यात दुसऱ्या बाजूच्या, नऊ ते सोळाच्या मागांना पाण्याचा दाब कमी पडत होता, ते सारखे बंद पडत होते. आणि सेठ रोज केबिनमध्ये चहा पिता पिता बघायचा, वर कोण? दोन. चार. तीन. सगळे आबांचे.

आबांना केबिनमध्ये यायची मुभा नव्हती. सेठनं त्यांना खाली, सगळे माग चालू असताना, त्या आवाजावर ओरडून विचारलं, "दिवसभर झोपतोस काय रे डोसा?" डोसा म्हणजे म्हातारा. आबांनी हात जोडले, म्हणाले, माझे माग बंद पडले नाहीत. सेठ म्हणाला, मशीन खोटं बोलतं आणि तू खरा? त्यांच्या गळ्यातली धागा तोडायची कैची त्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतली. पोरासोरांसमोर. बाजूची माणसं हसली. हसणाऱ्यांत आमच्या गल्लीतलेही होते, हे मला नंतर कळलं आणि अजून डोक्यात आहे.

मी घरी आले तर आबा भिंतीला टेकून बसलेले. आमच्या अहिराणीत म्हणाले, "मी काय करं वं माय? मन्हा माग बंद पडनातच नही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच शेडवर गेले. ते फाटकापाशी थांबले, डबा घेऊन. डबा कशाला आणला, मी विचारलं नाही. साहेबांना फोन करून बोलावून घेतलं, आणि ते आले तशी मी केबिनमध्ये शिरले. टीव्हीकडे एक नजर टाकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. यादीत पाचवा नंबर शून्य होता. शून्य नंबरचा माग! सुरतेत कुणी पाहिलाय? रोज बघत होते, समोर बसलेले सेठ बापलेक दोघंही.

मी मोबाईलवर टीव्हीचा फोटो काढला. बोर्डाकडून त्याच क्षणाचा पडदा साहेबांच्या लॅपटॉपवर मागवला. दोन्ही सेठच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. इकडे दोन, तिकडे बारा. इकडे शून्य, तिकडे दहा. साहेब घसा खाकरत राहिले. सेठनं दोन्हीवर बोट फिरवलं, मुलाकडे पाहिलं, आणि हसला की हो! म्हणाला, "सारू थयुं, बेन, पकडायुं." बरं झालं, सापडलं. मग म्हणाला, नीट करून टाका.

मी म्हणाले, "आणि आबा?"

"एना पर नवो माणस आवी गयो." त्यांच्या जागी नवा माणूस आलाय. मी म्हणाले, चूक त्यांची नव्हती, तुम्ही आत्ता बघितलंत. तो म्हणाला, बघितलं ना, मी कुठे नाही म्हणतो. पण सगळ्यांसमोर काढलेला माणूस मी परत घेतला, तर उद्या मला कोण मोजेल? एवढं तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. मला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. साहेबांनी मराठीत हळूच म्हटलं, "वाढवू नकोस, पार्टी जाईल."

मग साहेबांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी दात खाऊन कडांची जागा परत सोडली, बोर्ड बंद करून चालू केला. चारही कडा तपासल्या. बारा पुरा दिसला. दहा पुरा दिसला. काम चोख झालं. खाली एक ते आठवर पंचविशीतला पोरगा उभा होता आणि आबांचीच कैची त्याच्या गळ्यात होती.

फाटकाशी आले तर आबा वॉचमनला सांगत होते, की माझ्या पोरीनं चूक काढून दिली. मला बघताच त्यांनी डबा उचलला आणि आत यायला पाऊल टाकलं. मी त्यांचा हात धरला. सगळं सांगितलं, सेठचं हसणंसुद्धा.

त्यांनी विचारलं, "मग आते ते बराबर दिसस का?"

"दिसतं."

त्यांनी डबा पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तू ते नीट कसाले करी दिधं, माय?"