नऊ जणांचा एकच दोष

दर वर्षी मार्चमध्ये आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मला अचानक मान मिळायला लागतो. एरवी ‘ओ, जरा सरका की’ म्हणणारे मोल्डिंगचे सुपरवायझर स्वतःहून चहा आणून देतात. कारण वार्षिक आढाव्याआधी प्रत्येकाने साहेबांना स्वमूल्यमापनाची ईमेल पाठवायची असते. वर्षभरात ठरलेली कोणती उद्दिष्टं पूर्ण केली आणि पुढे काय शिकायची गरज आहे, हे सगळं इंग्रजीत. आणि आमच्या विभागात इंग्रजी लिहिणारा म्हणजे मी, असा एक समज आहे. तो मीच पसरवला, हे आता कबूल करून टाकतो.

तर माझी सोडून आणखी नऊ जणांच्या ईमेल मीच लिहायचो. उद्दिष्टं ज्याची त्याची वेगळी असायची. ‘शिकण्याची गरज’ या रकान्यात मात्र मी सगळ्यांना एकच लिहायचो: वेळेचं नियोजन. हा दोष कुणाला झोंबत नाही आणि साहेबही त्यावर पुढे काही विचारत नाहीत.

यंदा आमच्या सँड लॅबमधल्या मॅडमनी मला एक कागद दिला. त्या कोडोलीहून येतात. साच्याची वाळू तपासणं हे त्यांचं काम. कागदावर मराठीत लिहिलं होतं: ‘दुपारनंतर वापरलेल्या साच्यांतून वाळू परत येते ती गरम असते. तिच्यातला ओलावा लवकर उडतो आणि मग कास्टिंग खराब निघतात. म्हणून मी दुपारची तपासणी वाढवली. खराब माल कमी झाला. पण असं का होतं ते नीट समजून घ्यायचं आहे. पुण्याला चार दिवसांचा कोर्स असतो, त्याला जायची इच्छा आहे.’

‘सर, हे शेवटचं तेवढं नक्की घाला,’ त्या म्हणाल्या होत्या.

मी घातलं. पण माझ्या ईमेलमध्ये. शिकण्याची गरज इतकी खरी वाटणारी मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती, मोह झाला. वाटलं, कोर्सला काय, दोघंही जाऊ. आणि त्यांच्या ईमेलमध्ये सवयीने बोटांनी वेळेचं नियोजन टाइप केलं. त्या बाईंना नोकरीत कधी एक मिनिट उशीर झालेला नाही. त्यांनी विश्वासाने न वाचताच पाठवून दिली.

आठवड्याने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत.

‘काका, ईमेल झकास हाय तुमची. कोर्सला आपल्या विभागाला एकच जागा मिळालीया. तुमचं नाव आज एचआरला कळवतो.’

एकच जागा! मी खुर्चीत बसलो होतो, तरी आणखी खाली बसल्यासारखं झालं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आणि मॅडमना पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागलं असतं.

‘साहेब, ती गरज माझी न्हाय,’ मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी एकेक ईमेल उघडून बघितली. मग मान वर केली.

‘व्हय ओ, आपल्या विभागात कुणाचंच घड्याळ चालत न्हाय का? नऊच्या नऊ?’

‘माझं चालतं,’ मी हळूच म्हणालो, ‘मी यंदा कोर्स लिहिलाय.’

ते इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरचा हजेरीच्या पंचिंग मशीनजवळचा माणूस डोकावला. मग एकदम हसू आवरून म्हणाले, ‘जागा त्यांची. पण तुम्ही दोघंही ईमेल दुरुस्त करून परत पाठवा. त्यांची त्यांनी लिहायची. मराठीत चालंल. आणि त्यांना हे तुम्ही सांगायचं, मी न्हाय.’

लॅबपर्यंतचं अंतर मी वाटेत दोनदा पाणी पिऊन पार केलं. मॅडमनी ऐकून घेतलं. रागावतील म्हणून मी तयारीत होतो.

‘म्हणजे साहेबांना आठवडाभर वाटत होतं, मी उशिरा येते?’ एवढंच त्यांनी विचारलं. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

‘मी चुकलो.’

‘चुकलात की. आता मी चार दिवस न्हाय म्हटल्यावर वाळू कोण बघणार?’

माझ्या दुरुस्त ईमेलमधली शिकण्याची गरज अशी ठरली: वाळू तपासणं. त्या दुपारीच त्यांनी मला नमुना करायला उभं केलं. वाळू तोलून नळीत भरायची, वरून वजनाचे मोजून तीन ठोके द्यायचे, कमी नाही, जास्त नाही. मी मन लावून ठोके दिले.

‘किती मारलेत?’

‘तीन… चार असतील.’

‘टाका ते,’ मॅडम म्हणाल्या. ‘परत तोला.’