मशीन वाईट, माणूस चांगला

पाणी शुद्ध करणारी मशीनं विकणाऱ्या आमच्या कंपनीचं ऑफिस गोरखपूरच्या बाजारात होतं. गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून चांगला की वाईट ते ठरवायला कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला शिकवणं हे माझं काम. त्यासाठी आधी ढीगभर अभिप्रायांवर आम्ही तिघींनी हाताने शिक्के मारले. एका अभिप्रायाला एकच शिक्का, आणि थोडं चांगलं थोडं वाईट असेल तर सरळ वाईट. हा नियम माझा. तक्रार निसटू नये म्हणून केला होता, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

आधी टोमण्यांनी नाक कापलं. "वाह, क्या सर्विस है, तीसरी बार आए और पानी फिर टपक रहा है," हे मॉडेलने चांगल्यात टाकलं. इथला माणूस चिडला की गोड बोलतो, ते मॉडेलला कुठून कळणार? मग तशी उदाहरणं वाढवली. शब्द गोड पण पाचातला तारा एकच दिलेला, असे अभिप्राय आम्ही स्वतः वाचू लागलो. ते बरंचसं निस्तरलं.

मग आमचे मराठी दुरुस्तीवाले काका माझ्या टेबलाशी आले. मॉडेलच्या शिक्क्यांवरून दुरुस्तीवाल्यांची यादी लागायची, तीत ते तळाला होते, आणि महिनाअखेरीच्या यादीवरून त्यांचा करार वाढणार की संपणार ते ठरायचं.

"ताई, मी काहून शेवटी? लोक तर मला चहा पाजून राहिले."

मी त्यांचे अभिप्राय उघडले. मशीन बेकार, पर भैया बहुत अच्छे, छुट्टी के दिन भी आए. एकामागून एक असेच. सगळ्यात बिघडलेली मशीनं सगळ्यात जाणत्या माणसाकडे द्यायची, ही आमच्याकडची रीत. म्हणून असे दुहेरी अभिप्राय त्यांच्याच वाट्याला येत, आणि माझ्या नियमाने ते सगळे वाईट ठरत. मला स्वतःची लाज वाटली.

मशीनचा शिक्का वेगळा, माणसाचा वेगळा असं करू, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मॉडेल तर तपासणीत उत्तम उतरलंय. उतरणारच, तपासणीच्या अभिप्रायांवरही माझ्याच नियमाने शिक्के होते. यंदा काही बदलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

परत येऊन मी काकांना हळूच सांगितलं, की लोकांना मशीनबद्दल लिहू नका म्हणा, फक्त तुमच्याबद्दल लिहू द्या. त्यांनी ते मनावर घेतलं. महिनाअखेरीस ते यादीत वर आले आणि करार वाढला. त्यांनी मला पेढे आणून दिले.

पुढच्या बैठकीत साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. मशीनच्या तक्रारी झपाट्याने कमी झाल्या होत्या, म्हणजे मशीन सुधारलं, आता शिक्क्यांचा नियम बदलायची गरजच उरली नाही. तक्रारी कुठे गेल्या ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि बोलले असते तर काकांची नोकरी गेली असती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.